नकाशा ज्या भिंतीवर, त्या भिंतीसारखा

आज गुरुवार, म्हणजे आपल्या समूहांच्या कामाच्या गप्पांचा वार. आज कर्जफेड नाही, बाजारपेठ नाही. आज आम्ही एका कागदाबद्दल बोलणार आहोत. दोन हातांत धरता येईल एवढा कागद. आमच्या ग्रामसंघाच्या इमारतीत तो आता भिंतीवर लावलेला आहे, आणि तो नीट व्हायला आम्हाला तीन वेळा करावा लागला.

हा कागद म्हणजे आग लागली, धूर झाला, तर इमारतीतून बाहेर कसे पडायचे याचा नकाशा. दवाखान्यात, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत तुम्ही असा हिरवा-लाल नकाशा भिंतीवर पाहिला असेल. आम्हीही पाहिला होता, आणि सगळ्यांसारखाच त्याच्या शेजारचा पंखा बघत बसलो होतो.

आधी आमची इमारत डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. लांबी पूर्व-पश्चिम १४ मीटर, रुंदी ९ मीटर. खाली मसाला आणि पापडाचे युनिट. भट्टीची खोली आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे रस्त्याकडच्या पूर्व टोकाला. वर मोठा हॉल, तिथे बैठका आणि प्रशिक्षणे होतात. हॉलमधून खाली यायला पूर्वेकडे आतला जिना आहे. तो उतरतो नेमका भट्टीच्या खोलीच्या दाराशी. आणि हॉलच्या पश्चिमेला एक दार आहे. त्याच्या बाहेर छोटी गॅलरी आणि लोखंडी जिना. पण हा दुसरा जिना आहे हे कोणाला माहीत? आम्हाला. पाहुण्यांना नाही. शिवाय त्या दाराला कुलूप होते, आणि दाराशी मिरचीची पोती रचलेली होती.

गेल्या वर्षी उन्हाळी कामाचा जोर होता. वर ५२ जणी बसल्या होत्या, त्यातल्या ३० बाहेरगावच्या. खाली गॅसच्या नळीचा जोड सुटला आणि भट्टीशी भडका उडाला. भट्टीवरच्या ताईंनी ओले पोते टाकले, सिलिंडरची कळ बंद केली, आणि आग पाच मिनिटांत विझलीसुद्धा. पण तेवढ्यात पॅकिंगच्या प्लास्टिक पिशव्यांचा गठ्ठा पेटला होता. त्याचा काळा धूर कुठे गेला? जिन्यातून वर. जिना म्हणजे घराचे धुराडेच असते, खालचा धूर त्यातूनच वर चढतो.

वर कोणीतरी “आग” म्हणून ओरडले, आणि ५२ जणी त्या धुराच्याच जिन्याकडे धावल्या. का? कारण आल्या होत्या त्या जिन्याने. माणूस घाबरला की ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जातो, ही काही अडाण्यांची गोष्ट नाही, सगळ्यांचीच आहे. कडेवर लेकरू घेतलेली एक पाहुणी पायरीवर पडली. लेकराला काही झाले नाही, तिच्या मनगटाचे हाड मोडले. आमच्यातली एकजण पश्चिमेच्या दाराकडे गेली, तर किल्ली खाली कपाटात.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर निभावले. हो, निभावले. १६ जुलै २००४ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एका शाळेत स्वयंपाकाच्या ठिकाणाहून आग छपराला लागली आणि ९४ मुले गेली. तिथेही जिना अरुंद होता. ती बातमी आम्ही तेव्हा कॉलेजात असताना वाचली होती. भट्टीच्या वर हॉल बांधताना ती कोणाला आठवली नाही.

तर नकाशा करायचे ठरले. पहिल्याच बैठकीत आम्ही एक चूक करता करता वाचलो. कागदावर आम्ही पश्चिमेचे दार हिरव्या रंगात काढून टाकले होते. तेव्हा आमच्या एक आक्का म्हणाल्या, “अगं, कागदावर उघडं आणि भिंतीत कुलूप, हे कसं चालंल?” बरोबरच होते. नकाशात बाहेर पडायचे दार म्हणून जे काढले ते आतून, किल्लीशिवाय, अंधारात हात लावून उघडले पाहिजे. ते उघडत नसेल तर नकाशा नसलेला बरा, कारण तो माणसाला बंद दाराकडे पाठवतो.

कोषाध्यक्ष ताईंचे म्हणणे, मसाल्याचा माल आहे, चोरी झाली तर कोण भरणार? त्यांचेही खोटे नव्हते. दोन बैठका यावर गेल्या. शेवटी लोहाराकडून दाराला आतून मोठी कडी बसवली आणि बाहेरच्या बाजूला कडी, मूठ, कोयंडा काहीच ठेवले नाही. आतून एका हाताने उघडते, बाहेरून धरायलाच काही नाही. दार पूर्वी आत उघडायचे, ते फिरवून बाहेर उघडेल असे केले, कारण मागून रेटा आला की आत उघडणारे दार उघडतच नाही. खाली पश्चिमेच्या अंगणाच्या फाटकालाही तशीच आतून कडी. पोती हलवली. हे सगळे झाल्यावर मग कागद घेतला.

मोजमाप आम्हीच केले. शिंपीकाम करणाऱ्या वहिनींचा टेप तोकडा पडला, मग गवंड्याचा मोठा टेप आणला. खोल्या, दारे, जिने, जाळ्या, सगळे मोजून आलेखाच्या कागदावर उतरवले. एका मीटरला दोन सेंटिमीटर धरले. म्हणजे १४ मीटरची इमारत कागदावर २८ सेंटिमीटर, आणि ९ मीटरची १८. मोठा ए-थ्री कागद आडवा धरला तर ४२ सेंटिमीटर रुंद असतो. २८ नकाशाला गेले, उरलेल्या १४ची पट्टी उजवीकडे मोकळी राहिली. ती पुढे कामाला आली. याहून लहान कागदावर काढू नका. दूरून बघितले तर मुंग्या दिसतात.

वरच्या मजल्याचा नकाशा वरच, खालच्याचा खाली. दोन्ही मजले एका कागदात घातले तर बघणारी आधी “मी कुठल्या मजल्यावर” हेच शोधत बसते. आणि खुर्च्या, टेबले, कपाटे काही काढायचे नाही. भिंती काळ्या, दारे मोकळी, जायची वाट फिकट हिरवी, तिच्यावर गडद हिरवे बाण. बस.

आता खुणा. इथे आमच्यात मोठा वाद झाला. बाहेर पडायच्या दाराची जी खूण सगळीकडे असते ती तुम्ही पाहिली आहे. हिरव्या चौकटीत पांढरे दार आणि त्यातून धावणारा माणूस. आमच्या काही जणी म्हणाल्या, हा कोण बाप्या? आपल्या इमारतीत आपली नऊवारीतली बाई काढू. रांगोळीत हात असलेल्या ताईंनी काढलीही, आणि सुंदर काढली. पण आम्ही ती लावली नाही. ती चित्र म्हणून चांगली होती, पण पाहुण्या बाईने ती आधी कुठेच पाहिलेली नव्हती. धुरात तिला चित्राचा अर्थ लावायला वेळ नसतो. तिने एसटी स्टँडवर, दवाखान्यात, सिनेमागृहात जे शंभरदा पाहिले आहे तेच इथे दिसले पाहिजे. (ती नऊवारीतली बाई आता आमच्या पापडाच्या पाकिटावर आहे, वाया गेली नाही.)

हा धावणारा माणूस मूळचा जपानचा. १९७२ला ओसाका शहरात सेन्निची नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीला आग लागून ११८ माणसे गेली. पुढच्या वर्षी कुमामोटोला तशीच आग. त्यानंतर तिथे विचार सुरू झाला की अक्षरे न वाचता कळेल अशी खूण हवी. युकिओ ओटा नावाच्या डिझायनरने काम करून ही खूण पक्की केली आणि पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकीकरण संस्थेने ती जगासाठी घेतली. वाचता न येणाऱ्या बाईसाठी ती केली म्हणा ना. अर्थात आपल्या गावातल्या आजींसाठी जपानात कोणी विचार केला असेल असे नाही, पण उपयोगी पडली.

रंगांचाही एक ठरलेला अर्थ आहे, तो मोडायचा नाही. हिरवे म्हणजे सुरक्षित वाट, दार, जमायची जागा, प्रथमोपचाराची पेटी. लाल चौकोन म्हणजे आग विझवायचे सामान. आपल्याकडे लाल म्हणजे शुभ, कुंकवाचा रंग, म्हणून कोणीतरी बाहेरची वाट लाल करा म्हणाले. नको. लाल वाट बघून पाहुणी समजेल इकडे जाऊ नये. आणि निळा ठिपका म्हणजे “तुम्ही येथे आहात”. आमच्या पूर्ण कागदावर निळे फक्त एवढेच आहे. त्यामुळे डोळा आधी तिथे जातो.

खुणा एकूण किती? आम्ही पाच ठेवल्या. दार, बाण, जमायची जागा, आग विझवायचे नळकांडे, प्रथमोपचार. त्यांचे अर्थ उजवीकडच्या पट्टीत, प्रत्येकासमोर मराठीत दोन-तीन शब्द. सिलिंडर कुठे ठेवतो, मेन स्विच कुठे, हेही घालावे असे भट्टीच्या ताईंना वाटत होते. ते आम्ही वेगळ्या कागदावर काढून खाली प्रवेशाशी लावले. ते आपल्या माणसांसाठी आणि बंबवाल्यांसाठी आहे. पाहुणीला सिलिंडरचे काय करायचे? तिला दार हवे.

जमायच्या जागेची खूण मात्र फसली. हिरव्या चौकटीत मधे माणसांचा घोळका, आणि चारी कोपऱ्यांतून आत येणारे चार बाण. आम्ही ती एका शेजारगावच्या मावशींना दाखवली आणि विचारले, हे काय असेल? त्या म्हणाल्या, “गर्दीत ढकलाढकली करू नका, असं सांगितलंय.” बाण त्यांना धक्के वाटले! दुसऱ्या एकजणी म्हणाल्या, लग्नाचा मांडव. हसू आले, पण चूक त्यांची नव्हती. खूण ठरलेली आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे असे नाही. धावणारा माणूस सगळ्यांनी ओळखला, घोळका कोणी नाही. म्हणून तिथे खूण तीच ठेवली, पण खाली ठळक अक्षरात “इथे जमा” लिहिले. आणि त्या जागेवर, खरोखरच्या जागेवर, तीच खूण मोठ्या पत्र्यावर रंगवून खांबाला लावली. कागदावर पाहिलेले प्रत्यक्षात दिसले की बाईला खात्री पटते.

ती जागा ठरवतानाही आमची एकदा चूक झाली. आम्ही आधी समोरचे अंगण धरले होते, लिंबाखाली. सावली आहे, रोज तिथेच बसतो. पण नीट पाहिले तर ते भट्टीच्या खिडक्यांसमोर येते, वरून विजेची तार जाते, आणि बंब आला तर त्याच फाटकातून आत येणार. ५२ जणी त्याच्या वाटेत उभ्या. म्हणून जागा बदलून शाळेचे मैदान धरले. ते पश्चिमेला, इमारतीपासून साधारण ४० मीटर, मधे रस्ता ओलांडायला लागत नाही. उजवीकडच्या पट्टीत खाली आम्ही परिसराचा छोटा नकाशा काढला, एका मीटरला दोन मिलिमीटर धरून. त्यात इमारत, अंगण, फाटक आणि शाळेचे मैदान एवढेच. मोठ्या नकाशात वाट गॅलरीच्या जिन्यापाशी संपते, छोट्या नकाशात तिथून पुढे मैदानापर्यंत जाते. जिना उतरल्यावर काय, हे अनेक नकाशांत नसतेच. मग माणसे जिन्याच्या तोंडाशी उभी राहून गप्पा मारतात आणि मागच्या अडकतात.

आता त्या तीन वेळांची गोष्ट. आमच्या हाताने काढलेला कागद आम्ही तालुक्याला एका संगणकवाल्याकडे दिला. त्याने छान रंगीत करून दिला, उत्तर दिशा वर. गावनकाशात उत्तर वरच असते, त्याचे काही चुकले नाही. आम्ही तो लॅमिनेट केला आणि हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीवर लावला. तिथेच का? कारण तिथे कॅलेंडरचा खिळा होता. खरेच सांगतो, दुसरे काही कारण नव्हते.

पुढच्या प्रशिक्षणाला आलेल्या आठ पाहुण्यांना आम्ही एकेकीला नकाशासमोर उभे केले. “समजले का?” असे विचारले नाही. समजले का म्हटले की आपली कोणतीही बाई हो म्हणते, पाहुणचार आहे. आम्ही म्हटले, “दहा आकडे मोजेपर्यंत बघा, मग पाठ न वळवता हाताने दाखवा, भट्टीला आग लागली तर कुठे पळाल?” आठातल्या पाच जणींनी हात डावीकडे केला. डावीकडे काय होते? धुराचा जिना.

क्षणभर आम्हाला वाटले, बायकांना नकाशा कळत नाही. नकाशा काढणाऱ्यांना असेच वाटते. मग आमच्यातली एकजण स्वतः तिथे उभी राहिली, आणि तिचाही हात डावीकडे गेला.

आता डोळे मिटून आमच्याबरोबर उभ्या राहा. दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड केले. पूर्व कुठे? डाव्या हाताला. पश्चिम? उजव्या. म्हणजे गॅलरीचा सुरक्षित जिना तुमच्या उजवीकडे आहे. पण कागदावर उत्तर वर, म्हणून पश्चिम डावीकडे. कागद सांगतो डावीकडे जा. बाई कागदाचे ऐकते आणि धुरात जाते. नकाशा खरा होता, रेषान् रेष बरोबर होती, फक्त तो चुकीच्या भिंतीवर होता. उत्तरेच्या भिंतीवर असता तर हाच कागद अगदी बरोबर ठरला असता.

म्हणून पहिला नियम हा: तुम्ही ज्या भिंतीकडे तोंड करून नकाशा बघता ती भिंत नकाशात वर हवी. तुमच्या पुढे जे आहे ते कागदात वर, पाठीमागे आहे ते खाली, उजवीकडचे उजवीकडे. दिशा बाजूला ठेवा. उत्तर वर असायची गरज इथे अजिबात नाही.

दुसरी वेळ. आम्ही संगणकवाल्याला फोन करून सांगितले, “भाऊ, उलटा करून द्या.” त्याने उलटा केला, म्हणजे आरशात दिसतो तसा. पश्चिम उजवीकडे आली. आम्ही खूश. लावला. आणि मग आजी नकाशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “ही खिडक्यांची भिंत तर माझ्यासमोर आहे, इथं खाली का काढली?” आजींचे शिक्षण दुसरी. खिडक्यांची भिंत दक्षिणेची, त्या तिच्याकडेच बघत होत्या, आणि कागदात ती तळाला होती. आरशातला नकाशा डावे-उजवे बदलतो, पण पुढचे-मागचे तसेच ठेवतो. मग आम्हाला कळले की आपल्याला आरसा नको होता, कागद फिरवायचा होता. ताटातली भाकरी जशी अर्धी गोल फिरवतो, तसा. फिरवल्यावर डावे-उजवेही बदलते आणि पुढचे-मागचेही.

हे ओळखायची एक सोपी रीत आम्ही काढली, ती लिहून घ्या. नकाशा भिंतीवर ठोकायच्या आधी त्याच जागी जमिनीवर सपाट ठेवा, वरची कड भिंतीला टेकवून. आता कागदातले प्रत्येक दार आणि खोलीतले खरे दार एका दिशेला आले पाहिजे. आले, तर ठोका. नाही आले, तर कागद जमिनीवर गोल फिरवून बघा. फिरवल्यावर जुळले तर नकाशा बरोबर आहे, फक्त या भिंतीचा नाही. कितीही फिरवला तरी जुळत नसेल तर तो आरशातला आहे, तो फाडा.

तिसऱ्या वेळी नकाशा फिरवून काढून घेतला. पण कागद फिरवला की त्यावरची अक्षरे आणि खुणाही डोक्यावर उभ्या राहतात. त्या पुन्हा सरळ करायला सांगावे लागते. धावणारा माणूसही तपासा. ही खूण दोन प्रकारांत मिळते, डावीकडे धावणारा आणि उजवीकडे धावणारा. बाण उजवीकडे आणि माणूस डावीकडे धावतोय असे झाले तर बघणारीचा गोंधळ होतो. आमच्या तिसऱ्या कागदात एका ठिकाणी तसे झालेच होते. ते आम्ही वरून खूण चिकटवून दुरुस्त केले.

यातून एक गोष्ट ओघाने येते. एक नकाशा काढून त्याच्या चार झेरॉक्स चार भिंतींवर लावता येत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींवर तर नाहीच. प्रत्येक जागेचा निळा ठिपका वेगळा आणि प्रत्येक भिंतीची वरची बाजू वेगळी. आमच्याकडे आता वर दोन आणि खाली एक आहे, तिन्ही वेगळे.

लावायचे कुठे, यावरही थोडे. आमचा पहिला नकाशा चांगल्या उंच जागी होता, लेकरांनी हात लावू नये म्हणून. बायकांना मान वर करून बघावे लागत होते. आता मधली रेघ आमच्यातल्या मध्यम उंचीच्या बाईच्या डोळ्यांसमोर येते. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड पडला की नुसती पांढरी पट्टी दिसते, तेव्हा मंद चमकेचे घ्या, नाहीतर जागा बदला. उन्हात लावू नका, रंग उडतो. कोपऱ्यात तारीख लिहा. आम्ही दिवाळीनंतर साठवणीची खोली आडव्या पत्र्याने दोन केली, तेव्हा खालचा नकाशा त्या दिवशी खोटा झाला. तारीख होती म्हणून कळले की बदलायचा आहे.

आणि एक गैरसमज काढून टाका. धुरात कोणी नकाशा वाचत नाही. वाचूच शकत नाही. तो आधी वाचायचा असतो. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणाच्या सुरुवातीला, चहाच्याही आधी, आम्ही पाहुण्यांना नकाशासमोर नेतो आणि मग पश्चिमेच्या दारातून गॅलरीत, जिन्याने खाली, मैदानापर्यंत चालवून आणतो. पायाने गेलेली वाट पायाला आठवते. प्रत्यक्ष वेळेला दारावरची धावत्या माणसाची पाटी आणि आपल्यातल्या दोघी वाट दाखवायला, यांवर भिस्त. धूर वर चढतो, त्यात वरची पाटीही झाकते, म्हणून वाकून, भिंतीला हात लावून जायचे. लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना आम्ही अंधारात चमकणारी पट्टी लावली आहे. ती दिवसभर उजेड पितो तशी रात्री चमकते, अंधाऱ्या कोपऱ्यात लावली तर काही उपयोग नाही.

आजींना लोखंडी जिना एकटीने उतरता येत नाही. ते कोणत्याही नकाशात दाखवता येत नाही. त्यासाठी दोघींची नावे ठरवून ठेवली आहेत. आणि हजेरीचे रजिस्टर. आगीच्या दिवशी ते वरच राहिले होते, त्यामुळे खाली आल्यावर सगळ्या बाहेर आल्या की नाही हे कोणालाच सांगता येईना. आता रजिस्टर सचिव ताईंच्या पिशवीत असते, आणि मैदानात प्रत्येक समूह आपल्या बाया मोजतो. पाहुण्यांची मोजणी त्यांना घेऊन आलेली ताई करते. मगच १०१ किंवा ११२ला फोन केलेल्या बाईने बंबवाल्यांना सांगायचे की आत कोणी आहे किंवा नाही. परत आत कोणी जायचे नाही, पर्ससाठी तर नाहीच.

तिसरा नकाशा लावल्यावर पुन्हा आठ पाहुण्यांना उभे केले. सात जणींचे हात उजवीकडे, गॅलरीकडे गेले. आठवीचा चष्मा घरी राहिला होता. तिने खरेच सांगितले, “मला काहीच दिसत नाही बाई.” म्हणून आता पश्चिमेच्या दारावर धावत्या माणसाची पाटी हातभर रुंद आहे, ती चष्म्याशिवाय दिसते.

मागच्या महिन्यात सराव केला. शिट्टी वाजवली आणि ४४ जणी दोन मिनिटे दहा सेकंदांत मैदानात. मोजल्या तर ४३. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. रजिस्टर पुन्हा वाचले. नसलेली बाई पाहुणी होती, आणि ती खाली मागच्या बाजूच्या संडासात होती. तिने शिट्टी ऐकली, पण तिथून बाहेर आल्यावर कुठे जायचे हे तिला कळेना, म्हणून आल्या वाटेने भट्टीसमोरून पुढच्या अंगणात जाऊन एकटीच लिंबाखाली उभी राहिली. तिथे नकाशा नव्हता.

आता चौथा नकाशा संडासाच्या बोळात लावायचा आहे. तिथली मोकळी भिंत पूर्वेची आहे, म्हणजे या कागदात पूर्व वर येणार, मागचे दार डाव्या हाताला आणि मैदान खाली, पाठीमागे. मोजमाप झाले आहे. येत्या गुरुवारी शेजारच्या गावच्या समूहातल्या बाया येणार आहेत. कागद आधी जमिनीवर ठेवू, त्यांना बघायला सांगू, आणि मग खिळा ठोकू.